तिमाही रिटर्न आणि दर महिन्याचं चलन: शिरपूरच्या आमच्या पाईपच्या दुकानाचे क्यूआरएमपीतले पहिले महिने

आमचं शिरपूरला पीव्हीसी पाईप आणि फिटिंगचं दुकान आहे. जीएसटी नंबर ह्यांच्या नावावर, पण बिलं, खाती, रिटर्न हे सगळं मी बघते. एप्रिल २०२५ पासून आम्ही दर महिन्याचं रिटर्न सोडून तिमाही रिटर्न आणि दर महिन्याला पैसे भरायची योजना घेतली, तिलाच सगळे क्यूआरएमपी म्हणतात. घ्यायच्या आधी मी बऱ्याच जणांना विचारलं, तर प्रत्येकजण एवढंच सांगायचा की "चांगली आहे, रिटर्न कमी होतात." पण दर महिन्याला नेमके किती पैसे भरायचे, दोन पद्धतींतली कोणती घ्यायची आणि आपल्यासारख्या सीझनच्या धंद्यात त्याने काय फरक पडतो हे कुणी नीट सांगेना. आता दोन पूर्ण तिमाह्या झाल्या, तिसरीचं पहिलं चलन परवा भरलं, म्हणून लिहितेय.

आधी आमच्या धंद्याची चाल सांगते कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आपल्याकडे मार्च ते मे पाईपचा जोर. उन्हाळ्यात शेत मोकळं असतं, पाऊस पडायच्या आत लोक विहिरीपासून लाईन टाकून घेतात. जून अर्धा जातो आणि मग कपाशीची लागवड सुरू झाली की दुकानात चिटपाखरू नसतं, जुलै-ऑगस्टमध्ये तर पगार आणि लाईटबिल निघालं तरी पुरे. मग दसऱ्यापासून हरभरा-गव्हाच्या तयारीने परत गिऱ्हाईक लागतं. वर्षाची विक्री साधारण पावणेदोन-दोन कोटी, मार्जिन थोडं. निम्मं गिऱ्हाईक शेतकरी, निम्मे थाळनेर, बोराडी, पळासनेरचे छोटे दुकानदार आणि वर घाट चढून सेंधव्याचे दोन-तीन डीलर.

सेंधवा मध्य प्रदेशात, म्हणजे आमची परराज्यात विक्री आहे, त्यामुळे कंपोझिशन, म्हणजे छोट्या दुकानदारांची उलाढालीवर ठराविक टक्के भरायची योजना, आम्हाला चालतच नाही. तसंही कंपोझिशनवाल्याला बिलात टॅक्स लावता येत नाही, मग डीलरला क्रेडिट मिळणार नाही, तो आपल्याकडे कशाला येईल. आणि कंपोझिशनवाला क्यूआरएमपीतही येत नाही, कारण ही योजना फक्त जीएसटीआर-३बी, म्हणजे टॅक्सच्या हिशेबाचं नेहमीचं रिटर्न, भरणाऱ्यांसाठी आहे. हे दोन्ही लोक एकत्र करतात म्हणून आधीच सांगून टाकलं.

मग कोणाला घेता येते? मागच्या आर्थिक वर्षाची एकूण उलाढाल ५ कोटींपर्यंत पाहिजे. आणि चालू वर्षातही ५ कोटी ओलांडले तर पुढच्या तिमाहीपासून बाहेर, परत दर महिन्याचं रिटर्न. यात मेख अशी की ही उलाढाल एका जीएसटी नंबरची नाही तर पॅनची धरतात, आणि त्यात टॅक्स नसलेला मालही येतो. आमच्या ओळखीचे अमळनेरचे एक धान्य व्यापारी आहेत, त्यांचा टॅक्स लागणारा माल वर्षाला सत्तर-ऐंशी लाखांचाच, पण सुट्या धान्याची विक्री धरून बेरीज ५ कोटींच्या वर जाते. ते म्हणायचे माझा टॅक्सच एवढासा, मी तर छोटाच की. पण नाही, त्यांना नाही घेता आली. उलट एकाच पॅनवर दोन राज्यांत दोन नंबर असतील तर उलाढाल दोघांची मिळून मोजतात, पण योजना मात्र एका नंबराला घ्यायची आणि दुसऱ्याला नाही असं करता येतं. आपली एकूण उलाढाल पोर्टलवर लॉगिन केल्यावर डॅशबोर्डवर दिसते, ती आधी बघून घ्या, वहीतल्या आकड्यावर जाऊ नका.

दुसरी अट, ज्या दिवशी तुम्ही योजना घेता त्या दिवसापर्यंत ज्या रिटर्नची तारीख येऊन गेली ते भरलेलं पाहिजे. आणि योजना कधीही घेता येत नाही, खिडकी असते. ज्या तिमाहीपासून घ्यायची तिच्या आधीच्या तिमाहीच्या दुसऱ्या महिन्याच्या १ तारखेपासून ते त्या तिमाहीच्या पहिल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. वाचायला किचकट आहे, पण एप्रिल-जून साठी म्हणाल तर १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल, बस. एकदा घेतली की दर तिमाहीला परत घ्यायची गरज नाही, तुम्ही स्वतः बदलेपर्यंत किंवा ५ कोटींच्या वर जाईपर्यंत चालूच राहते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात जाऊन बसले. (आमच्याकडे टॅक्सचं काम बघणाऱ्याला सगळे वकीलसाहेबच म्हणतात.) ते म्हणाले, "वहिनी, घेऊन टाका, पण चलन कसं भरायचं ते दर महिन्याला डोकं लावून ठरवावं लागेल, ते माझ्यावर सोडू नका, तुमचा सीझन तुम्हाला माहिती." त्या वाक्याचा अर्थ मला पुढे कळत गेला. योजना घ्यायला फी काही नाही. पोर्टलवर `Services > Returns > Opt-in for Quarterly Return` मध्ये जायचं, आर्थिक वर्ष निवडायचं, तिमाहीसमोर Quarterly करायचं आणि सेव्ह. दोन मिनिटांचं काम. वकीलसाहेबांची फी आधी दर रिटर्नला हजार रुपये होती, आता तिमाहीला अडीच हजार ठरली, आणि मधल्या दोन महिन्यांचं काम मी स्वतः करते.

घरी नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, "महिन्याचं महिन्याला भरलेलं बरं पोरी, तीन महिन्यांचं एकदम अंगावर आलं तर कुठून आणणार?" त्यांची काळजी खोटी नव्हती, पण तीन महिन्यांचा टॅक्स एकदम भरायचा असं या योजनेत नाहीच. रिटर्न तिमाही, पैसे मात्र दर महिन्याला. तिमाहीच्या पहिल्या आणि दुसऱ्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ चलनाने भरायचे, आणि तिसऱ्या महिन्याचा हिशेब तिमाहीच्या ३बी मध्ये, ती आपल्या महाराष्ट्रात तिमाही संपल्यावर येणाऱ्या २२ तारखेपर्यंत.

पण त्याच्याही आधी येते १३ तारीख, आणि गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर ती सगळ्यात महत्त्वाची. आम्ही तिमाही झालो तरी आमचे डीलर महिन्याचंच रिटर्न भरतात. त्यांना आमच्या बिलाचं क्रेडिट त्याच महिन्यात पाहिजे, आणि ते त्यांच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसलं तरच मिळतं. आमची जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, तर तीन महिन्यांनी एकदा, मग मधे काय? तर मधल्या दोन महिन्यांसाठी आयएफएफ नावाची सोय आहे. पुढच्या महिन्याच्या १ ते १३ तारखेत तुम्ही फक्त जीएसटी नंबरवाल्या गिऱ्हाइकांची बिलं त्यात टाकायची, महिन्याला ५० लाखांपर्यंतची. शेतकऱ्यांची रोखीची विक्री त्यात टाकायची नसते, ती तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्येच. क्रेडिट नोट असेल तर ती पण जाते. आयएफएफ सक्तीचं नाही, पण तुमचा एक जरी डीलर महिन्याचं रिटर्न भरणारा असेल तर तुम्हाला ते सक्तीचंच समजा.

आमचं एक बिल सांगते. २८ एप्रिलला सेंधव्याच्या डीलरला चार इंची पाईपची गाडी गेली, माल १,१६,००० आणि १८ टक्क्यांनी आयजीएसटी २०,८८०, बिल १,३६,८८० चं. हे मी मे महिन्यात आयएफएफमध्ये टाकलं तेव्हा त्याच्या एप्रिलच्या २बी मध्ये १४ तारखेला आलं. टाकलं नसतं तर ते थेट १३ जुलैनंतर दिसलं असतं आणि त्याचे २०,८८० रुपये दोन महिने अडकले असते. तेवढ्या पैशासाठी डीलर दुसरं दुकान बघतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

इथे बघण्यासारखी गोष्ट म्हणजे बिलं टाकून नुसतं सेव्ह केलं तर काही उपयोग नाही. शेवटी ओटीपीने फाईल करावं लागतं, स्टेटस Filed दिसलं पाहिजे. १३ तारीख गेली की त्या महिन्याची खिडकी बंद, सेव्ह केलेलं तसंच पडून राहतं. आमच्या लाईनीतल्या एका दुकानदाराकडे हेच झालं, पोराने सगळी बिलं भरली, सेव्ह केली आणि लॉगआऊट. पुढच्या आठवड्यात थाळनेरहून फोन, "काय भो, मनं बिल कोठे शे?" मग ती बिलं पुढच्या महिन्याच्या आयएफएफमध्ये टाकली, तशी टाकता येतात, पण गिऱ्हाइकाचा एक महिना गेला तो गेलाच. माझी पद्धत अशी की १० तारखेपर्यंत फाईल करायचं आणि डीलरांच्या ग्रुपवर टाकून द्यायचं की एप्रिलची बिलं गेली, चेक करा. एकदा आयएफएफमध्ये गेलेली बिलं तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्ये परत टाकायची नाहीत, तिथे फक्त राहिलेली, तिसऱ्या महिन्याची आणि किरकोळ विक्री.

आता पैशाकडे येते, खरं लिहायचं आहे ते हेच.

मे महिन्यात, २५ च्या चार-पाच दिवस आधी मी पहिल्यांदा चलन करायला बसले. `Create Challan` वर गेलं की कारण विचारतं, तिथे `Monthly Payment for Quarterly Return` निवडायचं, वर्ष आणि महिना टाकायचा, मग दोन पर्याय येतात. एक ३५ टक्क्यांचं चलन, यात रक्कम पोर्टलच भरून देतं आणि ती बदलता येत नाही. दुसरं स्वतः हिशेब करून, म्हणजे महिन्याच्या विक्रीचा टॅक्स वजा खरेदीचं क्रेडिट, जे राहील ते.

३५ टक्के कशाचे? मागच्या तिमाहीत तुम्ही जेवढा टॅक्स रोखीने भरला त्याचे. क्रेडिटमधून वळता झालेला धरायचा नाही, फक्त खात्यातून गेलेला पैसा. पण पहिल्यांदा योजना घेताना मागचं रिटर्न महिन्याचं असतं, तेव्हा मागच्या तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात जेवढी रोख भरली तेवढीच पूर्ण, शंभर टक्के. म्हणजे आमच्यासाठी मार्चची. आणि मार्च आमचा भर सीझन, त्या महिन्यात आम्ही ४८,००० रोख भरले होते. पर्यायाचं नाव ३५ टक्के आणि स्क्रीनवर आकडा पूर्ण ४८,०००, मला वाटलं पोर्टलचं काहीतरी चुकलंय, वकीलसाहेबांना फोन केला तेव्हा त्यांनी हे समजावलं.

मग एप्रिलचा खरा हिशेब केला. विक्री २२ लाख, तिचा टॅक्स ३,९६,०००. खरेदीच्या बिलांवरचं क्रेडिट ३,७७,०००. वजा केलं तर १९,००० च भरायला येत होते. पण सगळी खरेदी पोर्टलवर दिसतेय का हे बघायचं राहिलं होतं, आणि इथे एक अडचण आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तिमाहीवाल्यांना २बी पहिल्या दोन महिन्यांत येतच नाही, तिमाही संपल्यावर एकदम येते. म्हणून मधल्या महिन्यात २ए बघून खरेदीच्या फाईलशी बिल-बिल ताडून बघावं लागतं. त्यात ३,६८,००० चं क्रेडिट दिसत होतं. ९,००० चं एक बिल नव्हतं, तो पुरवठादार स्वतः तिमाहीवाला आणि त्याने आयएफएफ भरलेलं नव्हतं.

ते धरायचं की नाही? वकीलसाहेब म्हणाले, "तो जुलैत १३ च्या आत जीएसटीआर-१ भरेल तर तुमच्या तिमाहीच्या २बी मध्ये येईल, काही अडचण नाही. नाही भरली तर तुमचे एप्रिलचे ९,००० कमी भरल्यासारखे होतील आणि १८ टक्क्यांनी व्याज लागेल." मी व्याज काढून पाहिलं, २६ मे ते २२ जुलै ५८ दिवस, साधारण २५७ रुपये. फार नाही, पण समोरचा माणूस वेळेत भरेल का याच्यावर आपलं गणित कशाला टांगायचं, म्हणून मी दिसतंय तेवढंच क्रेडिट धरलं आणि २८,००० भरले. स्वतः हिशेबाच्या पद्धतीत हा धोका असतो हे लक्षात ठेवा, पहिल्या-दुसऱ्या महिन्यात कमी भरलं तर त्या फरकावर व्याज लागतं. ३५ टक्क्यांच्या चलनात तसं नाही. तिथे पोर्टलने दिलेली रक्कम वेळेत भरली आणि तिमाहीची ३बी वेळेत झाली की प्रत्यक्षात टॅक्स कितीही जास्त निघो, फरकावर व्याज नाही. हाच त्या पद्धतीचा खरा फायदा आहे, आणि तो मे महिन्यात आमच्या कामाला आला.

मे मध्ये विक्री २५ लाख, टॅक्स साडेचार लाख, क्रेडिट ३,९२,०००, म्हणजे खरे भरायचे ५८,०००. पोर्टलचं चलन तेच ४८,०००. दोन महिन्यांत एकच पद्धत ठेवावी लागते असं मला वाटत होतं, पण नाही, पहिल्या महिन्यात एक आणि दुसऱ्यात दुसरी घेता येते. म्हणून मे ला ४८,००० चं तयार चलन भरलं, वरचे १०,००० जुलैपर्यंत आपल्याकडे राहिले, बिनव्याजी.

जूनमध्ये विक्री १२ लाखांवर आली. १३ जुलैच्या आत जीएसटीआर-१, १४ ला २बी आली, त्यात ते ९,००० चं बिल पण आलं. ३बी चा हिशेब असा झाला: तीन महिन्यांचा मिळून टॅक्स १०,६२,०००, क्रेडिट ९,४९,०००, रोख भरायचे १,१३,०००. त्यातले २८,००० आणि ४८,००० आधीच कॅश लेजरमध्ये जमा होते, राहिले ३७,००० ते भरले आणि ३बी फाईल केली. नानांना लेजरचं पान काढून दाखवलं, त्यांनी स्वतः बेरीज केली आणि मग विषय काढला नाही.

चलनाबद्दल दोन गोष्टी इथेच सांगते. चलनाचे पैसे लेजरमध्ये आयजीएसटी, सीजीएसटी, एसजीएसटी असे वेगवेगळ्या खान्यांत पडतात. ३५ टक्क्यांच्या चलनात पोर्टल वाटून देतं, पण स्वतः हिशेब केला तर खाने आपण भरायचे असतात. आम्ही माल गुजरातेतून आणतो, त्याचं क्रेडिट आयजीएसटीचं, ते वापरून झाल्यावर रोख उरते ती सीजीएसटी आणि एसजीएसटीत, म्हणून २८,००० चे १४-१४ हजार केले. चुकीच्या खान्यात गेले तर पीएमटी-०९ ने हलवता येतात, पण नसता व्याप. आणि चलन तयार केलं की ते १५ दिवस चालतं. नेटबँकिंगने भरलं तर लगेच जमा होतं, एनईएफटीने वेळ लागतो, त्यामुळे २५ च्या संध्याकाळी एनईएफटीच्या भरवशावर राहू नका. चलनाला उशीर झाला तर लेट फी नाही, फक्त व्याज. लेट फी लागते ती रिटर्नला, ३बी ला दिवसाला ५० रुपये. आणि ३बी राहिली तर पुढच्या महिन्याचं आयएफएफही भरता येत नाही, म्हणजे आपल्या उशिराने डीलरांचं क्रेडिट अडकतं.

जुलै आला आणि सीझनचा खेळ खरा तेव्हा कळला. आता मागची तिमाही पूर्ण क्यूआरएमपीतली, म्हणून पोर्टलने १,१३,००० चे ३५ टक्के काढले, ३९,५५०. आणि जुलैची आमची विक्री किती? ५ लाख. टॅक्स ९०,०००, क्रेडिट ७५,६००, खरे देणे १४,४००. म्हणजे उन्हाळ्याच्या कमाईवरून पावसाळ्याचं चलन निघालं होतं! ज्या महिन्यात गल्ल्यात पैसा नाही त्याच महिन्यात २५,००० जास्तीचे. ते बुडत नाहीत, लेजरमध्येच पडून राहतात, पण तिमाहीची ३बी होईपर्यंत दुसऱ्या कशाला वापरता येत नाहीत आणि परतही मागता येत नाहीत. आमच्यासारख्याला जुलैत २५,००० म्हणजे दुकानातल्या दोन पोरांचा पगार. मी स्वतः हिशेब करून १४,४०० भरले.

ऑगस्टमध्ये आणखी वेगळं झालं. विक्री फक्त ४ लाखांची, टॅक्स ७२,०००, पण ह्यांनी दसऱ्याच्या तयारीने माल भरून ठेवला होता त्यामुळे क्रेडिट १,०२,०००. भरायला काही नाहीच, उलट ३०,००० क्रेडिट शिल्लक. अशा वेळी चलन करायचंच नाही, शून्याचं चलन वगैरे काही नसतं. नियम एवढाच की दुसऱ्या महिन्यात बघताना पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही महिन्यांचा मिळून टॅक्स लेजरमधल्या शिलकीत बसला पाहिजे. आमचा दोन महिन्यांचा टॅक्स १,६२,०००, क्रेडिट १,७७,६०० आणि वर १४,४०० रोख जमा, आरामात बसत होता. हा कागद मी छापून फाईलला लावून ठेवलाय, उद्या कुणी विचारलं की ऑगस्टचं चलन का नाही तर दाखवायला.

सप्टेंबरात विक्री १० लाखांवर गेली, टॅक्स १,८०,०००, क्रेडिट १,२८,००० आणि ऑगस्टचे शिल्लक ३०,००० वळते करून २२,००० भरायचे राहिले, ते ३बी बरोबर दिले. सगळ्या तिमाहीत मिळून रोख गेले ३६,४००.

आणि आता हेच चाक उलटं फिरलं. ३६,४०० चे ३५ टक्के म्हणजे १२,७४०. ऑक्टोबरात रब्बीचं गिऱ्हाईक लागलं, विक्री १५ लाख, टॅक्स २,७०,०००, क्रेडिट २,२२,०००, खरे देणे ४८,०००. पण पोर्टल मागतंय १२,७४०. परवा तेच भरलं. ३५,२६० रुपये आमच्याकडे २२ जानेवारीपर्यंत राहतील, आणि या दिवसांत त्याची किंमत मोठी आहे कारण कारखाने सीझनला उधारी देत नाहीत, पैसे टाकले की गाडी निघते.

पण नानांची भीती खरी ठरू शकते ती याच तिमाहीत, म्हणून मी ह्यांच्याशी बसून ठरवून घेतलं. नोव्हेंबरचं चलनही १२,७४० च असेल, म्हणजे दोन महिन्यांत मिळून २५,४८० गेलेले आणि खरा टॅक्स त्याच्या कितीतरी पट, सगळा फरक जानेवारीत एकदम द्यायचा. त्यासाठी बँकेत एक वेगळं खातं आहे, दर महिन्याच्या शेवटी खरा हिशेब करते आणि फरक तिकडे टाकते. मालासाठी लागले तर त्यातून घेतो, पण वहीत लिहून, आणि डिसेंबरच्या विक्रीतून आधी ते भरून काढायचे असं ठरलंय. हा हिशेब दर महिन्याला जमणार नसेल तर सीझनला सरळ स्वतः हिशेब करून पूर्ण पैसे भरलेले बरे, कारण ३बी ची तारीख चुकली की व्याज आणि लेट फी दोन्ही बसतात.

तर आमच्यासारखी चढउतार असलेल्यांसाठी माझं मत असं झालंय की सीझन संपून मंदी लागते त्या तिमाहीत स्वतः हिशेब करा आणि मंदी संपून सीझन लागतो त्या तिमाहीत ३५ टक्क्यांचं चलन घ्या. वर्षभर सारखी विक्री असलेल्या किराणा किंवा मेडिकलवाल्याला एवढं बघायची गरज नाही, त्याने तयार चलन भरावं आणि मोकळं व्हावं. ज्यांचं नुकतंच रजिस्ट्रेशन झालंय आणि मागे एक पूर्ण महिना किंवा तिमाहीचं रिटर्नच नाही त्यांना ३५ टक्क्यांचा पर्याय मिळत नाही, त्यांनी पहिल्यांदा स्वतःच हिशेब करायचा.

आणि सगळं गिऱ्हाईक महिन्याचं रिटर्न भरणारं असेल, सीझनच्या महिन्यांत बिलं ५० लाखांच्या वर जात असतील तर मी ही योजना घ्या म्हणणार नाही. आयएफएफमध्ये मर्यादेच्या वरची बिलं बसणार नाहीत आणि त्या डीलरांना थांबावं लागेल.

ज्यांना जानेवारी-मार्चपासून घ्यायची आहे त्यांची खिडकी १ नोव्हेंबरला उघडते, ३१ जानेवारीपर्यंत असते. सोडायची असेल तरी याच खिडकीत, त्याच पानावर Monthly करून. फक्त हे बघा की पहिल्या तिमाहीत तुमचं तयार चलन डिसेंबरच्या रोख भरण्यावरून निघेल, पूर्ण शंभर टक्के. डिसेंबर तुमचा जोराचा महिना असेल तर जानेवारी-फेब्रुवारीला आधी स्वतः हिशेब करून बघा, मग कोणतं चलन ते ठरवा.